बेकरीचं बिल मीटरवर नाही, भट्टीत जळतंय : तालुक्यातल्या एका बेकरीचा महिन्याभराचा हिशेब

सध्या गावोगाव नव्या मीटरची चर्चा आहे. दिवसा वीज स्वस्त, संध्याकाळी महाग, असं नवं गणित आलंय आणि पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, बेकरी असे छोटे धंदेवाले विचारतात, "आमचं काय होणार?" प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, तर शेती सोडून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावायचे ठरले. स्मार्ट मीटर बसला की लगेच. उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत धंदेवाल्यांना किमान २० टक्के जास्त, असं नियमात आहे. आपल्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा स्वस्त काळ आणि संध्याकाळी ५ नंतर मध्यरात्रीपर्यंत महाग काळ. नेमका दर तुमच्या बिलावर छापलेला असतो, तोच खरा धरा.

आता बेकरी हा धंदाच रात्रीचा. कणीक मळायची रात्री, भट्टी पेटवायची रात्री. म्हणजे बेकरीवाला मेला, असं वरवर वाटतं. ते किती खरं आहे हे बघायला आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका बेकरीत महिनाभर जाऊन बसलो आणि वहीत आकडे मांडले. मालकांनी आकडे छापायला हरकत घेतली नाही, फक्त "नाव नको" म्हणाले. रोज दोन गोणी, म्हणजे १०० किलो मैदा लागणारी ही बेकरी. पाव, खारी, बटर, नानकटाई आणि टोस्ट एवढा माल. विटांची जुनी भट्टी, इंधन बाभळीचं लाकूड. कामाला मालक धरून पाच माणसं.

वीज किती, लाकूड किती

पहिल्या दिवशी विजेचा हिशेब केला. मळायचं मशीन ३ हॉर्सपॉवरचं, म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॅट. दिवसाला दीड तास चालतं. झाले साडेतीन युनिट. डीप फ्रीज, पंखे, दिवे, पाव कापायचं मशीन धरून रोजचे बारा युनिट. नऊ रुपये युनिट धरलं तरी दिवसाला १०८ रुपये. समजा मळायचं सगळं काम महाग वेळेतून स्वस्त वेळेत नेलं, तर त्या साडेतीन युनिटवर फरक पडतो दहा-बारा रुपयांचा. महिन्याला तीनशेच्या आसपास. चहाचा खर्च निघेल.

आता लाकूड. बेकरीत मैदा मोजायचा काटा असतोच. मालकांना म्हटलं, आठवडाभर भट्टीत जाणारं प्रत्येक लाकूड आधी काट्यावर ठेवा. कारागीर हसले, पण केलं. सरासरी निघाली रोज १८० किलो. सात रुपये किलोने १,२६० रुपये रोज. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३२,७६० रुपये. वीजबिलाच्या दसपट! आणि या बेकरीत लाकडाचं वजन आजवर कुणी केलेलंच नव्हतं. ट्रॅक्टर आला, पैसे दिले, संपलं की परत फोन. मीटर असतो म्हणून आपण विजेवर बोलतो. लाकडाला मीटर नाही म्हणून ते दिसत नाही.

पाव भाजायला खरं तर उष्णता फार लागत नाही. १०० किलो मैद्याचे साधारण १४० किलो पाव होतात. कणीक गरम करायची आणि तिच्यातलं थोडं पाणी वाफ करून उडवायचं, एवढंच काम. हिशेबाने त्याला वाळलेलं लाकूड सहा-सात किलो पुरेल. बाकीचं लाकूड विटा तापवण्यात, धुराड्यातून, दारातून आणि भेगांतून जातं. विटा तापवल्याशिवाय भट्टी चालत नाही हे कबूल, म्हणजे सात किलोवर कुणीच काम करू शकणार नाही. पण सात आणि १८० यांच्यात कमी करायला जागा भरपूर आहे.

कणकेने भट्टीची वाट बघावी, भट्टीने कणकेची नव्हे

या बेकरीत भट्टी दिवसातून दोनदा पेटायची. रात्री १० ला पेटवून १ वाजता तयार, त्यात पाव. मग दुपारी १ वाजता परत पेटवून खारी, बटर आणि टोस्ट. रात्रीच्या पेटवणीला १०५ किलो आणि दुपारच्या पेटवणीला ७५ किलो, असा हिशेब वहीत आला.

तीन रात्री घड्याळ लावून बघितल्यावर पहिली गोष्ट ही दिसली की भट्टी १ वाजता तयार व्हायची, पण पावाची कणीक फुगून यायला सव्वादोन वाजायचे. सव्वा तास रिकामी भट्टी वाट बघत उभी. ती गार पडू नये म्हणून कारागीर मधे मधे दोन-चार ओंडके टाकत राहायचा. थंडीत तर आणखी उशीर, कारण गार पाण्याने मळलेली कणीक लवकर फुगत नाही.

म्हणून वेळापत्रक उलटं बांधलं. पाव ३ वाजता आत जायला हवा, तर भट्टी १२ ला पेटवायची आणि सव्वादोनला निखारे बाजूला सारायचे. मग धुराड्याचं झाकण बरंचसं ओढून पाऊण तास भट्टी मुरू द्यायची, म्हणजे विटांमधली उष्णता सगळीकडे सारखी पसरते. पहिली कणीक सव्वाबाराला मळायची. दुसरी चाळीस मिनिटांनी, म्हणजे पहिला घाणा बाहेर येईपर्यंत ती आंबून उतू जात नाही. आणि मळणं मध्यरात्रीनंतर गेल्यामुळे विजेच्या महाग तासांतून ते आपोआप सुटलं.

थंडीसाठी एक साधी सोय केली. भट्टीच्या कमानीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. ते फुकट गरम होतं. गार पाण्यात ते मिसळून कणीक कोमट, म्हणजे २७-२८ अंशांची ठेवायची. उन्हाळ्यात उलट, माठाचं नाहीतर फ्रीजचं पाणी. कणीक वेळेवर येते की नाही हे पाण्यावर ठरतं, यीस्टचं प्रमाण वाढवत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा बदल जास्त मोठा. दुपारची पेटवणी बंद. विटांत साठलेली उष्णता हळूहळू उतरत जाते, तर माल त्या उतरणीच्या क्रमाने लावायचा. सगळ्यात आधी पाव, भट्टी २२० ते २३० अंशांवर असताना. मग पावाचा दुसरा घाणा, थोडा जास्त वेळ ठेवून. साडेपाचच्या सुमाराला २०० अंशांच्या आसपास खारी. सातला १७०-१८० वर बटर आणि नानकटाई. ९ नंतर भट्टी १२० च्या खाली आली की आदल्या दिवशी भाजून कापून ठेवलेले टोस्टचे तुकडे आत. टोस्टला भाजायचं नसतं, वाळवायचं असतं. त्यासाठी वेगळी पेटवणी म्हणजे कपडे वाळवायला चूल पेटवण्यासारखं आहे.

हे ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या आठवड्यात तीन ट्रे खारी बसली. पावाचा दुसरा घाणा काढायला उशीर झाला, दार सारखं उघडं राहिलं आणि भट्टी १८० वर उतरली. खारीला सुरुवातीला जोराची उष्णता लागते, तरच आतली वाफ पदर फुगवते. ती नसली की तूप गळतं आणि खारी चपटी होते. उपाय असा झाला की पहिल्या पेटवणीलाच ३५ किलो लाकूड जास्त घातलं, म्हणजे विटांत साठाच मोठा राहील. दुपारचे ७५ वाचले, रात्रीचे ३५ वाढले. रोजचं लाकूड १८० वरून १४० वर आलं.

टोस्टचाही एकदा घोळ झाला. कारागिराने दार आणि धुराडं दोन्ही पक्कं बंद केलं. उष्णता वाचली, पण पाण्याला बाहेर जायला वाट राहिली नाही. टोस्ट वरून कडक, आतून चिवट. असा टोस्ट पाकिटात चार दिवसांत मऊ पडतो आणि दुकानदार परत करतो. टोस्ट आत असताना दार दोन बोटं उघडं ठेवायचं.

अंश मोजायला एक साधं भट्टीचं थर्मामीटर पुरतं. जुने कारागीर तळावर चिमूटभर मैदा टाकून बघतात. लगेच काळा पडला तर भट्टी फार तापली, सावकाश तांबूस झाला तर पावाला तयार. ही खूण खरी आहे. पण भट्टी जास्त तापली म्हणून दार उघडं टाकून गार करत बसायची वेळ वारंवार येत असेल, तर तुम्ही रोज दहा-पंधरा किलो लाकूड उगाच जाळताय हेही त्या मैद्यानेच सांगितलं.

दार, राख आणि भेगा

वेळापत्रक बसल्यावर दुरुस्तीकडे वळलो. दार म्हणजे एकेरी पत्रा, वाकलेला, कडेला बोट जाईल एवढी फट. फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन पत्र्यांचं दार करून घेतलं आणि मधे भट्टीला वापरतात ती पांढरी सिरॅमिकची लोकर भरली. खर्च साडेसात हजार. ही लोकर हाताळताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे पाहिजेतच, तिची कुसं घशात जातात.

भट्टीच्या कमानीवर हात ठेवला तर चटका बसत होता. जिथे चटका बसतो तिथून पैसा जातोय, एवढं सोपं गणित. वर विटांचा कोनाडा करून वीतभर जाडीचा राखेचा थर दिला. कोरडी राख उष्णता चांगली अडवते आणि बेकरीत तिला तोटा नाही. मात्र पत्र्यातून पाऊस गळत असेल तर आधी पत्रा. ओली राख उलट उष्णता ओढून घेते.

भेगा शोधायला पैसे लागत नाहीत. भट्टी गार असताना आत थोडं ओलं गवत धुमसवलं, धुराडं आणि दार बंद केलं आणि बाहेरून बघितलं. चार ठिकाणांहून धूर निघाला. त्या भेगा फायरक्लेने भरल्या. पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलं होतं. ते उष्णतेने भुगा होऊन पडतं. माती, मजुरी आणि धुराड्यातली काजळी काढणं मिळून दोन हजार. धुराड्याचं झाकण गंजून अर्धवट अडकलं होतं, तेही तेवढ्यात झालं. ही भट्टी रविवारी बंद असते आणि सोमवारी नेहमी जास्त लाकूड खायची. आता शनिवारचा टोस्ट काढला, निखारे पूर्ण विझल्याची खात्री केली, की दार आणि धुराडं दोन्ही बंद. सोमवारची भूक बरीच कमी झाली.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. आत जिवंत निखारे असताना धुराडं पूर्ण बंद करायचं नाही. कोंडलेल्या निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्याकडे बेकरीतली पोरं थंडीत भट्टीच्या उबेला झोपतात. लाकूड वाचवण्याच्या नादात हे विसरू नका. पोरांची झोपायची जागा वेगळ्या, हवेशीर खोलीत हवी.

या कामानंतर लाकूड १४० वरून ११५ किलोवर आलं. म्हणजे मूळच्या १८० पेक्षा रोज ६५ किलो कमी. सात रुपयांनी ४५५ रुपये रोज, महिन्याला ११,८३०. खर्च झाला होता साडेनऊ हजार आणि थर्मामीटर.

ओलं लाकूड : फायदा कुठे आहे आणि कुठे नाही

सगळे म्हणतात लाकूड वाळवून वापरा. बरोबर आहे, पण पैशाचा फायदा नेमका कुठे होतो ते समजून घ्या. ताज्या तोडीच्या १,००० किलो लाकडात ४०० किलो पाणी धरा. ते उन्हात वाळून पाण्याचा भाग वीस टक्क्यांवर आला की वजन उरतं ७५० किलो. म्हणजे काट्यावर २५० किलो पाण्याचे सात रुपयांनी १,७५० रुपये तुम्ही व्यापाऱ्याला दिलेच. आता ते तुमच्या शेडमध्ये वाळवलं तर धूर कमी होतो, भट्टी लवकर तापते, काजळी कमी धरते. पण पाण्याला दिलेले पैसे परत येत नाहीत. खरा फायदा वाळलेलं लाकूड विकत घेण्यात आहे, अगदी किलोला रुपया जास्त देऊनसुद्धा.

ओळखायचं कसं? वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटते, दोन ओंडके आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो आणि पेटवल्यावर टोकातून फेस येतो. शंका असेल तर एक ओंडका वजन करून खूण करा, पंधरा दिवस पत्र्यावर ठेवा आणि परत वजन करा. व्यापाऱ्याशी बोलायला तो ओंडकाच पुरे. खरेदी चैत्र-वैशाखात, पावसाळ्याचा साठा शेडखाली, जमिनीपासून वीतभर वर. आणि रंगवलेलं, प्लायवूडचं, जुन्या फर्निचरचं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. त्याचा धूर खाण्याच्या मालाला लागतो.

मग नवी भट्टी घ्यायची का?

या मालकांसमोर खरा प्रश्न हाच होता. डिझेलवर फिरणाऱ्या ट्रॉलीची भट्टी घ्यायची म्हणून कोटेशन आणलं होतं, सहा लाखांचं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. सहा लाखांवर ते होतं २ लाख १० हजार. ऐकायला गोड. पण हे अनुदान रोख हातात येत नाही, कर्जाला जोडलेलं असतं. स्वतःचे दहा टक्के, म्हणजे ६० हजार घातले तरी ३ लाख ३० हजार आपल्यालाच फेडायचे. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजारांच्या पुढे हप्ता.

आता इंधन. विक्रेत्यानेच सांगितलं, तासाला तीन लिटर. चार तास चालली तर १२ लिटर, नव्वद रुपयांनी १,०८० रुपये रोज. जुन्या १,२६० च्या तुलनेत थोडी बचत दिसते आणि त्यावरच विक्रेता हिशेब मांडतो. पण दुरुस्त केलेल्या भट्टीचं लाकूड आहे ८०५ रुपयांचं! म्हणजे डिझेलवर गेलं तर इंधन रोज पावणेतीनशेने वाढणार आणि वर हप्ता. म्हणून माझं मत असं, की कोटेशन मागवण्याआधी जुनी भट्टी दुरुस्त करून महिनाभर वजन करा. बिघडलेल्या भट्टीशी तुलना केली की कुठलंही नवं यंत्र स्वस्तच वाटतं.

डिझेलच्या भट्टीला किंमत नाही असं नाही. धूर नाही, माल एकसारखा, कारागीर मिळत नसेल तर नवखा माणूसही चालवतो. मैदा रोज चार-पाच गोणींवर गेला तर हिशेब बदलेल. ज्यांच्याकडे अशी भट्टी आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. अर्धी ट्रॉली कधी फिरवू नये, कारण बर्नर जवळपास तेवढंच डिझेल पितो. आणि धुराड्यातून काळा धूर दिसला की मेकॅनिक बोलावून नोझल आणि हवेचं प्रमाण तपासावं. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

विजेच्या भट्टीचं काय? इथे मात्र नवे दर खरंच कामाचे आहेत. ढोबळ हिशेब लक्षात ठेवा : एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेएवढी उष्णता असते. डिझेल नव्वद आणि वीज नऊ रुपये, तर कागदावर बरोबरी. पण डिझेलची बरीच उष्णता धुराड्यातून जाते, विजेच्या भट्टीला धुराडं नाही. त्यात दिवसाचा दर २० टक्के कमी मिळाला तर खारी, बटर, नानकटाई असा टिकणारा माल सकाळी ९ ते ५ मध्ये विजेवर करणं परवडू शकतं. पाव मात्र पहाटेच लागतो, तो या हिशेबात बसत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. अशी भट्टी बसवली की मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. औद्योगिक जोडणीत तो २० किलोवॅटच्या वर गेला की मागणी आकार वेगळा लागतो, भट्टी चालो न चालो. आणि दिवसा तीन तास वीज गेली तर ट्रेमधली कणीक फुकट. आम्ही शेतीपंपाला दिवसा वीज मागून थकलो, आता बेकरीवाल्यांचीही तीच मागणी असेल! आपल्या फिडरवर दिवसा वीज किती वेळा जाते हे महिनाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मगच विजेच्या भट्टीचा विचार करा.

मीटरचं एकच काम बाकी राहतं. बिलावर 'दर संकेत' अशी ओळ असते. तिथे औद्योगिक लिहिलंय की वाणिज्यिक ते वाचा, दोन्हींच्या दरात फरक आहे. बेकरी आणि पुढचं दुकान एकाच मीटरवर असेल तर उत्पादनाची जोडणी वेगळी करता येते का, ते महावितरणच्या उपविभागात लेखी विचारा. या बेकरीचा मीटर एकच आहे आणि दर वाणिज्यिक लागतोय. अर्ज गेल्या आठवड्यात दिलाय. डिझेल भट्टीचं कोटेशन मालकांनी तूर्त बाजूला ठेवलंय.